बेबीताईंचे काळे मंजन

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये एक धर्मादाय दंत रुग्णालय आहे आणि त्यात सात नंबरची खोली आहे. दारावर 'तंबाकू मुक्ति केंद्र' अशी हिंदी पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. वाचायच्या आधीच दारातल्या लाकडी स्टुलावर बसलेल्या बेबीताई मेश्राम दिसतात आणि माणूस आपोआप तोंडातले थुंकून येतो.

बेबीताई तिथल्या आया. वय छप्पन्न. पदाने त्या सर्वांत खालच्या, पण दरारा थेट अधिष्ठात्यांच्या बरोबरीचा. गुटखेवाला त्यांना चालीवरून ओळखू येई. खैनीवाला खालचा ओठ जरा जपून हलवतो, बिडीवाला जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून दम घेतो, आणि जो "कधीकधी, लग्नकार्यात" म्हणतो तो रोज खातो, असे त्यांचे शास्त्र होते आणि ते सहसा चुकत नसे. आलेल्या माणसाने खिशातली पुडी त्यांच्या पुढ्यातल्या पत्र्याच्या पेटीत टाकायची, मगच आत जायचे. दिवसभर झाकण उघडे, काम संपले की पेटीला कुलूप. कुलपाची किल्ली बेबीताईंच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात, बाबासाहेबांच्या लॉकेटशेजारी. दर शनिवारी पेटी उघडून सगळा ऐवज पाण्यात भिजवून टाकून द्यायचा, हे कामही त्यांचेच.

घरीही हाच कारभार. नवरा दयाराम कारखान्यातून निवृत्त झालेला. चाळीस वर्षांची त्याची बिडी बेबीताईंनी अकरा महिन्यांत सोडवली. उशीखाली, रेडिओत, अगदी सायकलच्या सीटखालीसुद्धा त्यांनी बंडले शोधून काढली होती. हल्ली दयाराम फुटाणे खातो, आणि फुटाण्याची पुडी खिशातून काढतानाही आधी इकडेतिकडे बघतो. बुद्धविहारात पंचशील घेताना पाचव्या, नशा वर्ज्य करण्याच्या शीलाला बेबीताईंचा आवाज इतरांपेक्षा अर्धी पट्टी वर चढतो आणि मागच्या रांगेतले पुरुष माना खाली घालतात.

आता एवढे सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे, की या बेबीताई मिश्री लावत.

त्यांच्या दृष्टीने यात काहीच विसंगत नव्हते. तंबाखू खातात, बिडी ओढतात, मिश्री घासतात. घासायची वस्तू म्हणजे मंजन. माहेरी पवनीला त्यांची आई चुलीवर मिश्री भाजायची, आजी भाजायची. बेबीताईंची दाढ नवव्या वर्षी दुखली तेव्हा आईने बोटावर चिमूटभर घेऊन हिरडीला लावली. डोके गरगरले, एक उलटी झाली आणि दाढ थांबली. इतका हमखास गुण कुठल्या औषधाला आहे? तेव्हापासून सत्तेचाळीस वर्षे बेबीताई दात घासत होत्या.

फक्त जरा जास्त वेळा घासत होत्या. सकाळी डोळे उघडले की पाय जमिनीला लागायच्या आत एकदा. त्याशिवाय पोट साफ होत नाही. चहानंतर एकदा, बसला निघताना एकदा. रुग्णालयात अकरा वाजता मागच्या न्हाणीघरात, मग जेवणानंतर, चारला, घरी पोचल्यावर, भाजी फोडणीला टाकून, आणि झोपताना. दयारामचे म्हणणे, अख्ख्या मध्य प्रदेशात इतके स्वच्छ दात कोणाचे नाहीत. इतके घासले की घासून घासून अकरा निघूनच गेले.

दर रविवारी घरामागच्या पत्र्याखाली मिश्रीचा कार्यक्रम असे. कान तुटलेला एक लोखंडी तवा त्यासाठीच वेगळा ठेवलेला. तंबाखूची पाने त्यावर कोळशासारखी काळी होईस्तोवर भाजायची, मग पाट्यावर वाटायची, फडक्यातून चाळायची. भाजताना असा झोंबरा खाट उठे की सून नीलिमा खोकत खोकत पुढच्या दाराने अंगणात जाई आणि शेजारच्या अंगणातले कुत्रे शिंकत असे. "तंबाखू जळून जाते न जी," बेबीताई सुनेला समजावत. "मागं उरते ती राख. राखेनं का होते?" काळी भुकटी बामच्या रिकाम्या बाटलीत भरायची आणि बाटली कमरेला खोचायची. शिवाय अडीअडचणीला पर्समध्ये बाजारच्या लाल मंजनाचा एक डबा. तो लावला की अगदी मिश्रीसारखेच बरे वाटे. असे का वाटते, हा प्रश्न बेबीताईंनी त्या डब्याला कधी विचारला नव्हता. मंजन ते मंजन.

घोटाळा झाला तो जानेवारीत, फॉर्मावरून.

सात नंबरमध्ये एकता नावाची समुपदेशक आहे. गर्दी झाली की नवीन रुग्णाच्या फॉर्मच्या पहिल्या चार ओळी बेबीताई भरून देत. नाव, गाव, वय आणि चौथी ओळ: 'तंबाकू खाते या पीते हैं? हाँ / नहीं.' 'हाँ' आले तर सात नंबर, 'नहीं' आले तर सरळ वरच्या मजल्यावर दातांच्या विभागात. बेबीताईंना या चौथ्या ओळीचा अभिमान होता. न्यायाधीशासारख्या त्या माणसाकडे बघत आणि मगच खूण करत.

त्या दिवशी कुंडम गावाहून सुमरती नावाची बाई आली. पंचेचाळिशीची, जंगलात बिडीसाठी तेंदूपत्ता वेचणारी. पहाटेच्या बसने आलेली, गाल धरून बसलेली. तंबाखू खाते का म्हटल्यावर ती जवळजवळ रागावली. तंबाखू तिचा नवरा खातो, ती कशाला खाईल? ती तर फक्त मंजन करते. असे म्हणून तिने ओठ खाली ओढून दाखवला. दातांच्या मुळाशी काळीकुट्ट रेघ.

ती रेघ बघून बेबीताईंना माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. तशीच रेघ त्या रोज आरशात बघत. त्यांनी 'नहीं'वर ठसठशीत खूण केली आणि अकरा वाजलेच होते, म्हणून सुमरतीला मागच्या न्हाणीघरात नेऊन आपल्या बाटलीतली चिमूटभर मिश्रीही दिली. सुमरतीने ती लावली, डोळे मिटले आणि "दीदी, घर की बनी है न" एवढेच म्हणाली. जाणकाराने दिलेली ती दाद बेबीताई दोन दिवस घरी सांगत होत्या.

वर सुमरतीची दाढ काढली. काळी रेघ म्हणजे अस्वच्छता असे समजून तिथल्या शिकाऊ पोरांनी दात खरवडून साफ केले, गुळण्यांचे औषध दिले आणि कुंडमची बस धरायला सांगितले. फॉर्मावर 'नहीं' होते. तंबाखूबद्दल तिला कोणीच काही विचारले नाही.

एप्रिलच्या मध्यावर सुमरती परत आली. खालच्या ओठाच्या आत, जिथे ती मंजन दाबून बसत असे नेमकी तिथे, पांढरा खडबडीत चट्टा आला होता आणि मिरची लागली की आग होत होती. वरच्यांनी त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि अहवाल आल्यावर तिला सात नंबरला धाडले.

सात नंबरच्या डॉक्टर म्हणजे अवंतिका. वय एकोणतीस. घराणे भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेले, सहा पिढ्या जबलपुरात. तिला मराठी सगळे समजते, बोलताना मात्र निम्म्या वाटेवर हिंदीची रिक्षा करावी लागते. बेबीताईंशी ती हट्टाने मराठी बोले आणि बेबीताई तिचे मराठी सुधारण्याचे कामही पदरचे समजून करत. त्या दिवशी एकता रजेवर होती. टॉर्च धरायला आणि कुंडमची बोली समजावून द्यायला बेबीताई आत होत्या.

डॉक्टरांनी जुना फॉर्म काढला. 'नहीं' बघून कपाळाला आठी घातली, पण कोणी भरला ते विचारले नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि सुमरतीला वेगळाच प्रश्न विचारला. दात कशाने घासते?

सुमरती म्हणाली, मंजनाने. कसले मंजन? काळे, घरी भाजलेले. कशाचे? तंबाखूच्या पानाचे.

बेबीताईंनी टॉर्च नीट धरला.

दिवसातून किती वेळा? सुमरतीने बोटे मोजली, आठ-नऊ. सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिल्यांदा? उठल्यावर कसले, उठायच्या आधीच. एखादा दिवस नाही मिळाले तर? डोके दुखते, पोट साफ होत नाही, लेकरांच्या अंगावर ओरडते. कधी सोडायचा प्रयत्न केला? केला होता, सासूच्या तेराव्याला, दुपारपर्यंत टिकला. तब्येत बिघडली तरी लावते का? तापात तर जास्तच लावते.

एकेक उत्तर सुमरतीच्या तोंडून बाहेर पडत होते आणि बेबीताई ते आपल्या घरून आल्यासारखे ओळखत होत्या. बारा वर्षे त्या दारात बसून हेच प्रश्न ऐकत होत्या. झोपेत विचारले तरी ओळीने सांगितले असते. हे प्रश्न कधी आपल्याकडे वळू शकतात हे मात्र त्यांच्या डोक्यात आले नव्हते, जसे बसच्या वाहकाच्या डोक्यात येत नाही की कोणी आपल्याकडे तिकीट मागेल.

"ताई, इनको समझाइए," डॉक्टर म्हणाल्या. "भाजल्यानं निकोटीन जात नाही. हिरडीतून सीधा खून में जातं. दात घासायचं नाव आहे, पण ही तंबाखूच. आणि ते लाल डबेवाले मंजनपण. मंजनात तंबाखू टाकायला कानूनन मनाई आहे, तरी काही लोक टाकतात. डब्यावर लिहीत नाहीत. म्हणून तर लावल्यावर बरं वाटतं."

बेबीताईंनी समजावले. आयुष्यात इतक्या पडलेल्या आवाजात त्यांनी कोणाला काही समजावले नव्हते. कॅन्सर नाही. पेशी बदलायला लागल्या आहेत, रस्ता तिकडचाच आहे. आता बंद केले तर सांभाळता येईल, नाहीतर नाही. दर पंधरा दिवसांनी येऊन दाखवायचे.

सुमरतीने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग तिने बेबीताईंकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, कमरेकडे, जिथे बाटलीचा उंचवटा होता. बेबीताईंच्या टॉर्चचा उजेड भिंतीवर गेला. आता ही बाई बोलणार. बारा वर्षांची इभ्रत आता या तेंदूपत्तावालीच्या जिभेवर होती.

सुमरती डॉक्टरांसमोर काही बोलली नाही. बाहेर आल्यावर, स्टुलाजवळ, अगदी हळू म्हणाली, "दीदी, तुम छोड़ोगी तो हम भी छोड़ देंगे।"

आणि कुंडमची बस धरायला निघून गेली.

बेबीताईंना शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. शिव्यांना त्यांच्याकडे उत्तरे होती.

संध्याकाळी त्यांनी बाटली घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वरून कांद्याची साले टाकली. फार सोपे वाटले. दयारामला अकरा महिने लागले, पुरुषाची जात. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले आणि बोट आपणहून उशीकडे गेले. तिथे काही नव्हते. पोट दगडासारखे. बसमध्ये शेजारच्या बाईची पिशवी पायाला लागली तर बेबीताईंनी तिला भेडाघाटच्या धबधब्यात ढकलायची मनातल्या मनात पूर्ण तयारी केली. अकरा वाजता न्हाणीघरात जाऊन त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. हिरडी मागत होती. भूक असावी तशी, पण पोटात नाही, ओठाच्या आत. एकताने फाइल मागितली तर त्यांनी ती टेबलावर आपटली. दुपारी डोक्याला पट्टा आवळल्यासारखे झाले. घरी आल्या, चप्पल काढली नाही, थेट कचऱ्याच्या डब्याशी गेल्या. कांद्याची साले बाजूला करून बाटली काढली, पदराने पुसली आणि तिथेच उकिडव्या बसून लावली.

अर्ध्या मिनिटात जग जागेवर आले. आणि त्याच अर्ध्या मिनिटात त्यांना दयारामचे बंडल आठवले, सायकलच्या सीटखालचे. उकिरड्यावर फेकलेले ते त्याने परत काढताना त्यांनी त्याला पकडले होते आणि म्हटले होते की उकिरड्यावरचे उचलून खाणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मान वर केली तर दारात नीलिमा उभी. सून भली. ती म्हणाली, चहा ठेवते, आणि आत गेली.

त्यानंतरचे दिवस बेबीताई दोन बाजूंनी कोंडल्यासारख्या झाल्या. लावावी तर सुमरतीचा ओठ डोळ्यांपुढे येई, न लावावी तर डोळ्यांपुढे दुसरे काहीच येत नसे. त्यांनी अर्धीच चिमूट घ्यायचे ठरवले. मग दिवसातून सोळा वेळा अर्धी घेतली. फक्त सकाळी घ्यायची ठरवले, तर सकाळ चार वाजेपर्यंत लांबली. बाटली नीलिमाकडे ठेवायला दिली आणि तासाभरात, तुझा माझ्यावर विश्वास नाही का म्हणून तिच्यावरच ओरडून परत घेतली. आरशापुढे ओठ खाली ओढून बघायची सवय लागली. उजव्या बाजूला, सुळ्याच्या खाली, एक जागा राखेच्या रंगाची, सुरकुतलेली दिसे. आधी होती का? आधी कधी बघितले होते? रोज रुग्णालयात जातात, वर तीस दंतवैद्य बसलेले, आणि तोंड दाखवायला एक जण नाही. ज्याला दाखवावे तो म्हणेल, ताई, तुम्ही?

दारातल्या स्टुलावर मात्र काम चालूच होते. एक तरुण गुटखेवाला पुडी पेटीत टाकताना म्हणाला, अम्मा, समजा आजच सोडली, पण सोडवतच नाही, तर काय करू? एरवी त्यांनी त्याला मनगटात जोर नाही का असे विचारले असते. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आत जा बाबू. एकट्यानं होत नसते." मग आपलेच वाक्य कानावर पडले आणि पुढच्या माणसाची पुडी घ्यायलाच त्या विसरल्या.

शेवटी विषय काढला तो दयारामने. रविवार होता, तवा चुलीवर होता आणि बेबीताई त्यापुढे नुसत्या बसल्या होत्या. पाने टाकली नव्हती.

"काहून बसून राहिली?" तो म्हणाला.

त्यांनी सांगितले. फॉर्म, सुमरती, न्हाणीघरातली चिमूट, कचऱ्याचा डबा, सगळे. सांगताना त्या तव्याशीच बोलत होत्या.

दयाराम फुटाणे खात ऐकत राहिला. त्याला किती वर्षांनी ही संधी मिळाली होती. उशीखालची, रेडिओतली, सायकलखालची सगळी बंडले त्याच्या चेहऱ्यावर एकदम येऊन गेली. पण तो भला माणूस. त्याने फक्त एवढेच विचारले, "माह्या वेळेस तू माह्यासाठी सात नंबरची चिठ्ठी काढली होती. आठवते?"

"आठवते."

"जबरदस्तीनं नेलं होतं. मी तर रडलो होतो तिथं."

"हो जी. आठवते म्हटलं न."

"मग तुह्यासाठी चिठ्ठी काढायला कोणी मनाई केली का?" तो म्हणाला, आणि फुटाण्याची पुडी त्याने बायकोपुढे धरली. बेबीताईंना फुटाणे चावायला दात पुरत नाहीत, हे त्याला माहीत होते. तरी धरली.

सुमरतीचा दिवस सोमवारी होता.

सोमवारी बेबीताई स्टुलावर बसल्या नाहीत. त्या खालच्या मजल्यावर नोंदणीच्या रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीतला गणपत त्यांना आत बोलावू लागला, ताई, इथून कुठे, मागच्या दाराने या ना. त्यांनी ऐकले नाही. चिठ्ठी घेतली, नाव लिहून घेतले, बेबी दयाराम मेश्राम, वय छप्पन्न, आणि वर येऊन बाकावर बसल्या. शेजारी सुमरती आधीच बसलेली होती.

सात नंबरच्या दारात नावे पुकारायला कोणी नव्हते. एकताने दोनदा "बेबीताई" म्हणून हाक मारली, नावे पुकारा म्हणून. तिसऱ्यांदा ती बाहेर आली आणि तिने बाकावर बघितले, चिठ्ठीवर बघितले, आणि मग तेच नाव पुन्हा पुकारले, पण या वेळी रुग्णाला पुकारतात तसे.

बेबीताई आत गेल्या. ज्या खुर्चीत त्यांनी दयारामला दाबून बसवले होते त्याच खुर्चीत बसल्या. अवंतिकाने पेन उचलले, तेवढ्यात बेबीताईंनी सुरुवात केली. मिश्री, घरी भाजलेली. नवव्या वर्षापासून. नऊ वेळा, अर्धी-अर्धी धरली तर सोळा. पहिली, पाय टेकायच्या आधी. सोडली होती, एक दिवस. कचऱ्यातून काढली. सगळ्या प्रश्नांची उत्तरे ओळीने, एकही प्रश्न कोणी न विचारता.

"आणि जानेवारीतला तो फॉर्म मी भरला होता, मॅडम," त्या म्हणाल्या. "चिमूटही मीच दिली होती तिले."

  अवंतिकाने आपल्यासमोर छापील फॉर्मांचा गठ्ठा ओढला आणि वरच्या फॉर्मावर चौथी ओळ खोडून वर हाताने लिहिले: 'दाँत किस चीज़ से घिसते हैं? दिन में कितनी बार?'

"हा प्रश्न चुकीचा होता, ताई. मी पण दो साल से तोच विचारत होते," ती म्हणाली. "आता तोंड उघडा."

राखाडी जागा तिने बघितली, बोटाने दाबून बघितली, माप लिहिले. मिश्री थांबली तर अशी जागा पुष्कळदा आपोआप निवळते. दोन-तीन आठवड्यांनी परत बघू. तशीच राहिली तर तुकडा काढू. तिने ते सरळ सांगितले, गोड करून सांगितले नाही. मग दंडावर लावायच्या निकोटीनच्या पट्ट्या लिहून दिल्या, कारण चघळायच्या गोळीला लागणारे दात मिश्रीने शिल्लक ठेवले नव्हते. एकताने नेहमीचे सगळे सांगितले, जे बेबीताईंना पाठ होते. पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट. तलफ आली की पाच मिनिटे काढायची, पाणी प्यायचे, बडीशेप तोंडात धरायची, जागा बदलायची. पोटासाठी कोमट पाणी आणि भाजी. ब्रश फक्त दोनदा, साध्या पेस्टने. पाठ असलेले दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना बेबीताईंना ते पहिल्यांदाच खरे वाटले, आणि फारच कमी वाटले. एवढ्याशा पाण्या-बडीशेपेने सत्तेचाळीस वर्षे अडवायची?

बाहेर सुमरती उभी होती. तिने विचारले, सोडली का?

बारा वर्षांत बेबीताईंनी या दारात कितीतरी जणांचे खोटे ऐकले होते. खोटे कसे बोलतात ते त्यांना चांगले माहीत होते. "नहीं," त्या म्हणाल्या. "आज से. आज सकाळपासून लावली नाही. हात थरथरून राहिले बघ."

सुमरतीने त्यांचा हात हातात घेऊन खरेच बघितला. मग आपल्या पदराची गाठ सोडून तिने काळी पुरचुंडी काढली. तिनेही सोडली नव्हती. आठवरून चारवर आणली होती, आणि हे सांगताना तिला इतकी लाज वाटली की बेबीताईंना एकदम बरे वाटले.

पेटीचे झाकण उघडे होते. सुमरतीने पुरचुंडी टाकली. बेबीताईंनी कमरेची बाटली काढून टाकली, मग पर्समधला लाल डबाही. काच पत्र्यावर आपटल्याचा आवाज झाला आणि त्या आवाजाने त्यांच्या हिरडीला पाणी सुटले. झाकण लावले, कुलूप घातले. मग त्यांनी गळ्यातली किल्ली हातात घेतली आणि थांबल्या.

किल्ली हातात होती. म्हणजे पेटी उघडीच होती. अकरा वाजायला आले होते. आपण ही पेटी उघडू, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. आज नाही तर उद्या, एकता जेवायला गेली की.

त्यांनी दोरा गळ्यातून काढला, लॉकेट सोडवून हातात धरले आणि किल्ली सुमरतीच्या पदराच्या त्याच गाठीत, जिथे पुरचुंडी होती तिथे, बांधली.

"पंधरा दिवसांनी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मैं माँगूँगी तो भी मत देना."

सुमरती कुंडमच्या बसने गेली. बेबीताई स्टुलावर बसल्या, तोंडात बडीशेप धरून, आणि पाच मिनिटे मोजू लागल्या. मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून. घरी तवा होता, कोपऱ्यावरच्या टपरीवर पाने होती, जबलपुरात मिश्रीला किल्ली लागत नाही हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी दयाराम त्यांना न्यायला बसथांब्यावर आला होता. टपरीच्या बाजूने तो चालला, बायकोला रस्त्याच्या बाजूला ठेवून, आणि टपरी मागे पडेपर्यंत त्याने ती बाजू सोडली नाही. घरी पोचल्यावर पाहिले तर तवा जागेवर नव्हता. त्याचे काय केलेस, हे बेबीताईंनी दयारामला विचारले नाही.

शनिवारी एकताने पेटी भिजवायला किल्ली मागितली. बेबीताईंच्या दंडावर पट्टी होती, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल होते आणि सहावा दिवस चालू होता. बोट सारखे ओठाकडे जात होते आणि रिकामेच परत येत होते.

"कुठे गेली किल्ली, ताई?"

"कुंडमले," बेबीताई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हात केला, "पुडी इथं खिडकीत ठेव, बाबू. पेटी बंद आहे. आणि दात कशानं घासतो, ते आधी सांग."